कंपनीला माणसासारखा दोष देता येतो का? भोपाळ समोर ठेवून बघूया

कारखान्यात मोठा अपघात झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "कंपनी जबाबदार आहे" आणि दुसरं "दोषींवर कारवाई होईल". ऐकताना दोन्ही एकच वाटतात पण तसं नाहीये. पहिल्या वाक्यात बोट कंपनीकडे आहे, दुसऱ्यात माणसांकडे, आणि या दोन्हींच्या मधे जी फट आहे तिच्यातूनच बऱ्याचदा सगळी जबाबदारी गळून जाते.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. पैसे भरायला लागणं आणि दोषी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने भरपाई द्यायची म्हटलं की फारसा कोणी वाद घालत नाही, कंपनीच्या नावावर बँक अकाउंट असतं, प्रॉपर्टी असते, ती कोर्टात जाऊ शकते, त्यामुळे पैसे तिच्याकडून घेता येतात. पण दोष म्हणजे त्याहून जास्त काहीतरी. एखाद्याला आपण दोष देतो तेव्हा म्हणतो की तुला माहीत होतं, तुला वेगळं वागता आलं असतं, तरी तू तसं वागलास, आता उत्तर दे. दगड डोक्यात पडला तर आपण दगडाला दोष देत नाही, कारण दगडाला काही माहीत नव्हतं आणि त्याच्यापुढे दुसरा पर्यायही नव्हता. मग कंपनी कुठे बसते? दगडाच्या बाजूला की माणसाच्या?

हा प्रश्न नुसता हवेत सोडवता येत नाही, म्हणून भोपाळ घेऊ. नाव सगळ्यांना माहीत आहे पण त्या रात्री नेमकं काय काय बंद होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या बंद गोष्टींमधेच आहे.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना. या कंपनीचे ५०.९ टक्के शेअर्स अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते, म्हणजे मालकी हक्काने ती अमेरिकन कंपनीची लेकरू कंपनी. कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट नावाचं रसायन टाक्यांमधे साठवलेलं असायचं, त्यातल्या ६१० नंबरच्या टाकीत साधारण ४२ टन होतं. या रसायनात पाणी गेलं की जोरदार रिअ‍ॅक्शन होते, उष्णता तयार होते, उष्णतेने रिअ‍ॅक्शन अजून भडकते. त्या रात्री टाकीत पाणी गेलं, तापमान आणि प्रेशर वाढत गेलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि विषारी वायू मध्यरात्रीच्या सुमाराला झोपलेल्या वस्त्यांवर पसरला.

आता असं रसायन कोणी उघड्यावर ठेवत नाही, त्याच्याभोवती सुरक्षेच्या एकावर एक पायऱ्या असतात. इथेही होत्या, पण कशा अवस्थेत होत्या ते बघा.

टाकीतलं रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं म्हणून रेफ्रिजरेशन युनिट होतं, कारण थंड असलं की पाणी गेलं तरी रिअ‍ॅक्शन हळू चालते, माणसांना वेळ मिळतो. ते युनिट जून १९८४ पासून बंद होतं. म्हणजे अपघाताच्या आधी कित्येक महिने टाकी बाहेरच्या हवेच्याच तापमानाला होती, आणि टाकी गरम झाली तर वाजायचा जो अलार्म होता त्याच्या मर्यादेच्या वरच तापमान कायम असल्यामुळे त्या अलार्मलाही अर्थ राहिला नव्हता. वायू बाहेर निघालाच तर त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवून निष्प्रभ करायला स्क्रबर होता, तो स्टँडबायवर ठेवलेला, कारण त्या वेळी उत्पादन थांबलेलं होतं. त्यातूनही वायू सुटला तर तो जाळून टाकायला फ्लेअर टॉवर होता, त्याच्या पाइपचा एक गंजलेला तुकडा काढून ठेवलेला आणि नवा बसवायचा राहिलेला. शेवटी पाण्याचे फवारे होते, पण वायू ज्या उंचीवरून निघत होता तिथपर्यंत ते पोचतच नव्हते.

त्यात अजून एक भर. कारखाना तोट्यात चालला होता, माल खपत नव्हता, खर्चकपात सुरू होती. मिथाइल आयसोसायनेट युनिटमधे एका शिफ्टला १२ माणसं असायची ती ६ वर आणली होती आणि रात्रीच्या शिफ्टचं मेंटेनन्स सुपरवायझरचं पद काढून टाकलं होतं.

आता दोष कोणाचा सांगा.

रेफ्रिजरेशन बंद करणाऱ्याला वाटलं असेल की पुढे स्क्रबर आहे की. स्क्रबर स्टँडबायवर टाकणाऱ्याला वाटलं असेल की उत्पादनच बंद आहे, आणि फ्लेअर टॉवर आहेच. पाइपचा तुकडा काढणाऱ्याने तर आपलं मेंटेनन्सचं काम केलं, गंजलेला पाइप काढायलाच हवा होता. सुपरवायझरचं पद कापणाऱ्याने वरून आलेलं बजेट पाळलं. बजेट ठरवणाऱ्याच्या टेबलावर व्हॉल्व्ह आणि पाइप नव्हते, तिथे तोट्याचा आकडा होता. मी इथे कोणाची वकिली करत नाहीये, त्यांच्या मनात खरंच काय होतं ते मला दिसत नाही. मुद्दा एवढाच की यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर ती निष्काळजीपणा वाटते, कदाचित गंभीर निष्काळजीपणा वाटते, पण हजारो माणसं मरावीत एवढी मोठी चूक कोणा एकाच्या वाट्याला येत नाही. सगळी भयानकता ती एकत्र आल्यामुळे आहे, आणि ती एकत्र कशी येऊ दिली हा प्रश्न कोणा एका माणसाला विचारताच येत नाही.

तो प्रश्न कंपनीला विचारता येतो, कारण सगळ्या पायऱ्या एकाच वेळी बंद आहेत का हे बघणारी यंत्रणा असणं किंवा नसणं हे कंपनीचंच काम आहे. बंद पडलेलं उपकरण परत चालू होईपर्यंत टाकीत एवढं रसायन ठेवायचं नाही असा नियम लावणं, तो न पाळणाऱ्याला अडवायचा अधिकार कोणाला तरी देणं, तोट्यातल्या कारखान्यातही सुरक्षेचा खर्च कापायचा नाही असं ठरवणं, हे कुठला एक ऑपरेटर करू शकत नाही. म्हणजे वेगळं वागायची ताकद कंपनीच्या पातळीवर होती.

आणि माहिती? ती पण होती. डिसेंबर १९८१ मधे याच कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीत एक कामगार मेला होता. मे १९८२ मधे अमेरिकेहून युनियन कार्बाइडचीच सेफ्टी टीम येऊन पाहणी करून गेली आणि विषारी पदार्थ बाहेर पडू शकतो अशा धोक्यांची नोंद त्यांच्या रिपोर्टमधे होती. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने शहराला इशारा देणारे लेख लिहिले. म्हणजे ही माहिती फायलीत होती, वर्तमानपत्रात होती, वर कळवली गेली होती. पण ज्या माणसाकडे रिपोर्ट होता त्याच्याकडे पाइप नव्हता आणि ज्याच्या हातात पाइप होता त्याला रिपोर्ट कोणी दाखवला नव्हता. तुकड्या तुकड्यात माहिती असलेल्या माणसांना आपण "मला पूर्ण कल्पना नव्हती" असं म्हणू देतो, ठीक आहे, पण कंपनीला तसं म्हणू द्यायचं का? तुकडे जोडणं हेच तर कंपनी नावाच्या रचनेचं काम असतं, नाहीतर ती कशासाठी असते?

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना वाद उपयोगी पडतो. १९७९ मधे पीटर फ्रेंच या अमेरिकन तत्त्वज्ञाने मांडलं की कंपनीला निर्णय घ्यायची स्वतःची एक रचना असते, कोण कोणाला रिपोर्ट करतं, कुठला निर्णय कुठल्या पातळीवर होतो, कुठल्या धोरणात बसला तर तो कंपनीचा निर्णय मानला जातो. या रचनेतून निघालेलं कृत्य हे कंपनीचं स्वतःचं, नुसतं कोणा मॅनेजरचं नाही, त्यामुळे कंपनीला नैतिक दोष देता येतो. याला चांगलं उत्तर मॅन्युएल व्हेलास्केझने दिलं. त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं की कृत्य शेवटी शरीर हलवणाऱ्या माणसाकडून होतं, त्या माणसाच्या डोक्यातल्या इराद्याने होतं, कंपनीला ना डोकं ना शरीर. कंपनीला दोष देणं म्हणजे खऱ्या माणसांना पळवाट देणं, आणि शिक्षा झालीच तर ती ज्यांचा संबंध नाही अशा लोकांवर पडते.

व्हेलास्केझची भीती खरी आहे, तिच्याकडे मी नंतर येतो. पण "कंपनीचं म्हणणं म्हणजे फक्त आतल्या माणसांच्या म्हणण्याची बेरीज" ही जी समजूत त्यामागे आहे ती चुकीची आहे, आणि का चुकीची ते एका छोट्या हिशोबाने दाखवता येतं. हा हिशोब ग्रुपच्या निर्णयांवर काम करणारे ख्रिश्चन लिस्ट आणि फिलिप पेटिट असे लोक वापरतात, मी फक्त आपल्या विषयाला जुळेल असा मांडतोय, भोपाळमधे असंच झालं असं म्हणत नाहीये.

समजा तीन डायरेक्टर आहेत आणि ठरवायचंय की दुरुस्तीसाठी प्लांट बंद करायचा का. तिघांना मान्य आहे की तीन गोष्टी खऱ्या असतील तरच बंद करायचा, धोका खरा असेल, चालू प्लांटमधे दुरुस्ती होणार नसेल आणि बंद ठेवायचा तोटा परवडणारा असेल. पहिला म्हणतो धोका खरा आहे, चालू प्लांटमधे दुरुस्ती होणार नाही, पण तोटा परवडणार नाही. म्हणून त्याचं मत, बंद नको. दुसरा म्हणतो धोका खरा आहे, तोटाही परवडेल, पण दुरुस्ती चालू प्लांटमधे होऊन जाईल, म्हणून बंद नको. तिसरा म्हणतो दुरुस्तीला प्लांट बंदच लागेल, तोटा परवडेल, पण धोका काही एवढा खरा नाही, म्हणून बंद नको. तिघेही "नको" म्हणाले, प्लांट चालू राहिला. आता मीटिंगची नोंद नीट वाचा. धोका खरा आहे यावर दोन विरुद्ध एक. दुरुस्तीला प्लांट बंद लागेल, दोन विरुद्ध एक. तोटा परवडेल, दोन विरुद्ध एक. म्हणजे बहुमताने बोर्डाला धोका मान्य आहे, दुसरा उपाय नाही हेही मान्य आहे, पैसा आहे हेही मान्य आहे, आणि तरी प्लांट चालू ठेवायचा निर्णय झालेला आहे.

एका माणसाने असं केलं असतं तर आपण त्याला सरळ दोषी म्हटलं असतं, धोका कळतो, उपाय कळतो, पैसा आहे, तरी करत नाही म्हणजे काय! पण इथे तिघातला एकही जण असं वागलेला नाही, प्रत्येकाचं स्वतःचं म्हणणं आतून सुसंगत आहे. दोषी भूमिका आहे पण ती कुठल्याच डोक्यात नाही, ती फक्त बोर्डाची आहे. म्हणून माणसांवरचा दोष कितीही बारकाईने वाटून घेतला तरी काही दोष शिल्लक राहू शकतो, तो कंपनीच्या नावावरच टाकावा लागतो, नाहीतर तो कोणाच्याच नावावर राहत नाही.

कायद्याला मात्र हे पचवायला फार वेळ लागला. इंग्लंडमधे बरीच वर्षं असा नियम होता की गंभीर गुन्ह्यात कंपनीला दोषी धरायचं तर आधी कंपनीचं डोकं मानता येईल असा एक वरिष्ठ माणूस शोधा आणि तो स्वतः दोषी आहे हे सिद्ध करा, त्याचं मन ते कंपनीचं मन. छोट्या कंपनीत हे सोपं, मालक सगळीकडे असतो. मोठ्या कंपनीत वरचा माणूस प्लांटपासून एवढा लांब असतो की त्याच्याविरुद्ध काही सापडतच नाही. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून निघालेली हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच समुद्रात गेली, पाणी आत शिरलं, बोट आडवी झाली, १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करायचं काम ज्याचं होतं तो झोपलेला होता, ते बंद झाल्याचं ज्याने बघायचं तो दुसऱ्या कामाला गेलेला, आणि कॅप्टनला दरवाजे दिसतच नव्हते, ते बंद आहेत का हे दाखवणारा दिवा ब्रिजवर लावावा अशी मागणी आधी होऊनही तो लावलेला नव्हता. चौकशीने कंपनीवर वरपासून खालपर्यंत ढिसाळपणाचा ठपका ठेवला. तरीपण १९९० मधे कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला कोसळला, कारण वरचा एकही माणूस एकटा पुरेसा दोषी सापडेना आणि वेगवेगळ्या माणसांच्या चुका जोडून कंपनीची एक चूक बनवायला कोर्ट तयार नव्हतं. म्हणजे कंपनी जितकी मोठी आणि कामं जितकी जास्त वाटलेली तितकी ती सुरक्षित, हे किती उलटं आहे बघा. शेवटी २००७ मधे तिथे नवीन कायदा आला, त्यात प्रश्नच बदलला. दोषी डोकं कोणाचं हे न विचारता कंपनीचं काम कसं मॅनेज केलं आणि कसं ऑर्गनाइज केलं होतं, आणि त्यात वरिष्ठ व्यवस्थापनाचा मोठा वाटा होता का, हे बघायचं.

आता परत भोपाळला येऊ, कारण तिथे कंपनीनेही एक डोकं शोधायचाच प्रयत्न केला. पाणी टाकीत कसं गेलं यावर दोन म्हणणी आहेत. एक, पाइप धुताना पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून आत गेलं. दुसरं म्हणणं युनियन कार्बाइडचं, की एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं, घातपात केला. बाधित लोकांच्या संघटनांना हे कधीच पटलं नाही.

मला वाटतं दोषाच्या प्रश्नासाठी घातपाताचं म्हणणं खोटं पाडायची पण गरज नाही. क्षणभर खरं धरू. एका माणसाने मुद्दाम पाणी सोडलं, मान्य, त्याचा दोष भयंकर. पण मग रेफ्रिजरेशन? स्क्रबर? फ्लेअर टॉवर? पाणी कोणत्याही कारणाने गेलं तरी थांबवायला म्हणूनच या गोष्टी होत्या, चुकून गेलं तरी आणि मुद्दाम गेलं तरी. घातपाताने पाणी आत का गेलं ते कदाचित सांगता येईल, पण वायू बाहेर का गेला ते सांगता येत नाही. कुठल्याही औद्योगिक अपघातानंतर "एका माणसाची चूक" अशी बातमी आली की मी हाच प्रश्न विचारतो, की त्या माणसाच्या चुकीला अडवायला काय काय ठेवलेलं होतं आणि ते चालू होतं का. उत्तर "काहीच चालू नव्हतं" असेल तर ती बातमी अपुरी आहे.

मग कंपनीला दोषी ठरवलं तर शिक्षा काय? कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही. भारतात तर हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, की ज्या गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा आहे त्यात कंपनीवर खटला चालूच शकत नाही का, आणि २००५ मधे कोर्टाने सांगितलं की चालू शकतो, तुरुंगात टाकता येत नसेल तर दंड करा. म्हणजे कंपनी आरोपी होऊ शकते हे आपल्याकडे पक्कं आहे. पण भोपाळमधे प्रत्यक्षात काय झालं ते बघितलं की लक्षात येतं की आरोपी होता येणं पुरेसं नाही.

भरपाईचा भाग फेब्रुवारी १९८९ मधे सुप्रीम कोर्टात तडजोडीने मिटला, ४७ कोटी डॉलर्स. ही तडजोड करताना आपली चूक होती असं कंपनीने कबूल केलेलं नव्हतं. पैसे दिले, दोष घेतला नाही. सुरुवातीला तर त्या तडजोडीत फौजदारी खटलेही बंद झाले होते, ते १९९१ मधे कोर्टाने परत उघडले. तडजोडीच्या वेळी मृतांचा जो अंदाज धरला होता तो ३,००० च्या आसपास होता, नंतर सरकारी नोंदीतच मृत्यूची संख्या ५,२९५ झाली आणि संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात.

फौजदारी बाजूला १९९६ मधे सुप्रीम कोर्टाने भारतीय अधिकाऱ्यांवरचं कलम सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यावर आणलं, म्हणजे जास्तीत जास्त शिक्षा १० वर्षांवरून २ वर्षांवर आली. ७ जून २०१० ला भोपाळच्या कोर्टाने सात भारतीय अधिकाऱ्यांना २ वर्षांची शिक्षा दिली, त्याच दिवशी जामीनही झाला, आणि युनियन कार्बाइड इंडियाला साधारण ५ लाख रुपये दंड केला. हो, पाच लाख. अमेरिकन कंपनी तर या खटल्याला हजरच झाली नाही, ती आणि तिचे त्या वेळचे चेअरमन वॉरन अँडरसन दोघांनाही फरार घोषित केलेलं होतं. अँडरसन २०१४ मधे वारले.

इथे कंपनी आणि माणूस यांच्यातला खरा फरक दिसतो, आणि तो डोकं आहे का शरीर आहे का यापेक्षा वेगळाच आहे. माणूस स्वतःचे तुकडे करून विकू शकत नाही. कंपनी करू शकते. १९९४ मधे युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतले आपले शेअर्स विकले, त्या कंपनीचं नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. २००१ मधे अमेरिकन युनियन कार्बाइड ही डाऊ केमिकलच्या मालकीची झाली, आणि डाऊचं म्हणणं की तो कारखाना आमचा कधी नव्हताच, आम्ही तो चालवलाही नाही. प्रत्येक पायरी कायद्याच्या भाषेत मांडता येते, पण शेवटी बाधित माणूस दार ठोठावायला गेला की प्रत्येक दारावर "तो मी नव्हेच" हेच उत्तर.

म्हणून "माणसासारखा दोष देता येतो का" या प्रश्नाचं माझं उत्तर असं की दोष देता येतो, द्यायलाच पाहिजे, पण तो देऊन माणसाला करतो तशी शिक्षा केली आणि विषय संपवला तर तो दोष हवेत जातो. नुसता दंड झाला की तो खर्चाच्या खात्यात जातो, आणि मोठा झाला तर शेअरहोल्डर्स आणि कामगारांवर पडतो ज्यातल्या बहुतेकांनी कुठला पाइप काढलेला नसतो. व्हेलास्केझची भीती इथे खरी ठरते. त्याच्यावर उपाय म्हणून कंपनीला दोषमुक्त करायचं नाही, तर दोषाचा अर्थ कंपनीला लागू पडेल असा घ्यायचा. कंपनीला अपराधी वाटत नाही, रात्री झोप उडत नाही. पण तिला स्वतःची निर्णयाची रचना बदलता येते, कागदपत्रं उघडी करता येतात, काय चुकलं हे अधिकृतपणे मान्य करता येतं आणि वर्षानुवर्षं एखादं काम निभावता येतं. तिच्याकडून हेच मागायचं. कोर्टाच्या देखरेखीखाली सुरक्षा व्यवस्था बदलायला लावणं, मालकी बदलली तरी बांधिलकी नव्या मालकाकडे जाईल अशी अट घालणं, जागा साफ करेपर्यंत न सोडणं, अशा गोष्टी.

आणि यातलं काहीही माणसांच्या दोषाऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. तीन डायरेक्टरांच्या उदाहरणात बोर्डाचा दोष वेगळा आहे म्हणून डायरेक्टर सुटत नाहीत, स्वतःच्या बोर्डाची नोंद वाचून "अरे आपण तिन्ही गोष्टी मान्य केल्यात आणि तरी प्लांट चालू ठेवलाय" हे म्हणायची जबाबदारी त्यांचीच होती. कंपनीचा दोष सिद्ध झाला की तो कमी करायची ताकद ज्यांच्याकडे होती त्यांना पुढचा प्रश्न विचारता येतो, मग उलट ते जास्त अडचणीत येतात.

आपल्याकडे भरपाईच्या बाजूने एक पाऊल खरंच मोठं पडलं होतं. भोपाळनंतर वर्षभरात, डिसेंबर १९८५ मधे, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, आणि १९८६ च्या डिसेंबरमधे न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या खंडपीठाने सांगितलं की जो उद्योग जात्याच धोकादायक काम करतो त्याने नुकसान झालं की भरपाई द्यायचीच, आम्ही पूर्ण काळजी घेतली होती हे कारण चालणार नाही, आणि कंपनी जितकी मोठी आणि सधन तितकी भरपाई जास्त. याचा फायदा असा की बाधितांना कोणाचं डोकं शोधत बसायला लागत नाही. पण यातून दोष ठरत नाही, पैसे ठरतात. काळजी घेतलेली कंपनी आणि सगळं बंद ठेवलेली कंपनी दोघीही इथे एकाच रांगेत, आणि त्या दोघींत फरक करायचा असेल तर फौजदारी कायद्यातच तो व्हावा लागेल, इंग्लंडसारखा, कंपनीच्या व्यवस्थापनाच्या पद्धतीकडे थेट बघणारा कायदा आपल्याकडे आजही नाही.

तोपर्यंत काय होतं ते भोपाळच्या जमिनीवर दिसतं. तडजोडीची रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारने २०१० मधे केलेली याचिका सुप्रीम कोर्टाने १४ मार्च २०२३ ला फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मधे तिथून उचलून पिथमपूरला नेला आणि नंतर जाळला. उचलला तो सरकारने, खर्चही सरकारी तिजोरीतून, आणि जमिनीत आणि पाण्यात जे मुरलंय ते साफ करायचं काम अजून बाकी आहे.